सहावं टेबल कुणाचं?

ठरलेल्या वेळी माणूस का येत नाही, या विषयावर कुणी व्याख्यान द्यायला बोलावलं असतं, तर आत्या पाण्याचा घोटही न घेता दोन तास बोलली असती. उमेदीची सगळी वर्षं तिने एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काढली होती, दाराजवळच्या टेबलाशी, फोन कानाला लावून. वेळ देणं, वेळ बदलून देणं आणि न आलेल्यांच्या नावाने बोटं मोडणं, ही तिची कामं. दाढ ठणकत असली की माणूस रडकुंडीला येऊन म्हणतो, आजच घ्या, आत्ता घ्या. वेळ मिळेपर्यंत ठणका थांबला की त्याच माणसाची मावशी अचानक आजारी पडते. एका गृहस्थाच्या तर इतक्या मावश्या आजारी पडल्या की डॉक्टर म्हणाले, या घराण्याला दातांपेक्षा मावश्यांचाच त्रास जास्त आहे.

आत्या निवृत्त झाली तेव्हा तिला वाटलं, सुटले बाई फोनच्या तावडीतून. पण तिचा धाकटा भाऊ सुतार. शिकलेला, हौशी आणि व्यवहाराच्या बाबतीत अगदी शून्य. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो आपल्या वर्कशॉपमध्ये लोकांना एका दिवसात लाकडी स्टूल बनवायला शिकवायचा. सकाळी नऊला रिकाम्या हातांनी यायचं आणि संध्याकाळी स्वतः केलेलं स्टूल बगलेत मारून घरी जायचं. कामाची टेबलं सहा, म्हणून माणसंही सहा. सातवं टेबल मावत नव्हतं असं नाही, पण भाऊ म्हणायचा, सातव्या माणसाकडे पाठ करून उभं राहावं लागतं आणि ज्याच्याकडे माझी पाठ असते तोच नेमका अंगठा कापून घेतो.

कुणीतरी आपल्या स्टूलचा फोटो फोनवरून चार जणांना धाडला, त्या चौघांनी चाळीस जणांना, आणि भावाचा फोन वाजायचा थांबेना. एका हातात रंधा आणि दुसऱ्या हातात फोन अशी त्याची अवस्था झाली. एका रविवारी सहा टेबलांपुढे नऊ माणसं उभी राहिली. प्रत्येकाला त्याने "हो हो, या की" म्हणून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी तो आत्याच्या घरी येऊन सोफ्यावर आडवा पडला.

"ताई, तू नाही आलीस तर मी हे बंद करतो."

"बंद कर की," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत वर्कशॉपमध्ये हजर झाली. भावाची मुलं तिला आत्या म्हणायची. महिनाभरात शिकायला येणारेही तिला आत्याच म्हणू लागले.

तिने आल्या आल्या शिस्त लावली. एक तारखेला सकाळी दहा वाजता नोंदणी उघडायची. निम्मे पैसे भरले की जागा पक्की. तीन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत. त्यानंतर रद्द केलं तर ती जागा दुसऱ्या कुणी घेतली तरच परत. उरलेल्यांची नावं वेटिंग लिस्टवर, आलेल्या क्रमाने. कुणी गळालं की लिस्टमधल्या पहिल्याला फोन. उचलला नाही तर मेसेज आणि अर्धा तास थांबायचं. त्याने नाही म्हटलं तर दुसरा, मग तिसरा. आणि ज्याला तीनदा जागा देऊ केली आणि तीनदा त्याने नाही म्हटलं, तो लिस्टच्या तळाशी. हा शेवटचा नियम तिने दवाखान्यातूनच आणला होता. हौसेने नाव घालायचं आणि वेळ आली की काखा वर करायच्या, अशा मंडळींवर तिचा राग जुना होता.

सोमवारी ती सहाही जणांना फोन करायची. "रविवारी येताय ना? नक्की? घरात लग्न, परीक्षा, पाहुणे, काही नाही ना?" सगळे छातीठोकपणे सांगायचे, येतोय म्हणजे येतोयच. गुरुवारपर्यंत सारं शांत असायचं. शुक्रवारी संध्याकाळी पहिली गळती लागायची आणि शनिवारी सकाळी दुसरी. पाठ धरली, पाहुणे आले, बॉसने बोलावलं. एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, की बायको म्हणते घरात आहे ते सामान आधी आवर, मग नवीन आण. त्याला आत्याने मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

शुक्रवारची जागा लिस्टमधून भरायची. शनिवारी दुपारची जागा मात्र नाकी नऊ आणायची. आठ जणांना फोन करावा तर आठांची आठ कारणं. उद्याच? अहो, आधी सांगायचं ना! जणू आत्यानेच मुद्दाम दडवून ठेवलं होतं. आणि मग उरायचे हजर काका.

हजर काका मागच्याच गल्लीत राहायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एकटे, गोलमटोल, बोलके. त्यांच्या दिवसात कशाचाच अडथळा नव्हता. रात्री फोन केला तरी पहिल्या घंटीला उचलायचे आणि म्हणायचे, "हजर!" सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी दारात. पहिलं स्टूल त्यांनी स्वतःसाठी केलं, दुसरं बहिणीला दिलं, तिसरं शेजाऱ्याला. चौथं त्यांनी दाराबाहेर ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकायला. पाचव्यावर त्यांनी कुंडी ठेवली. भावाला त्यांचा काही त्रास नव्हता, उलट ते बाजूच्या माणसाला काटकोन तपासायचा गुण्या कसा धरायचा ते दाखवायचे. आत्यालाही त्यांचा फार मोठा आधार. खरं सांगायचं तर हल्ली ती शनिवारी दुपारनंतर लिस्ट उघडायचीही नाही. सरळ काकांना फोन लावायची आणि चहा टाकायची.

असंच एका शनिवारी झालं. सहाव्या टेबलाचा माणूस दुपारी गळाला. त्या दिवशी आत्याला जरा नेटकेपणाची लहर आली होती, म्हणून तिने लिस्टमधल्या पहिल्या नावाला फोन केला. एका नर्सबाईंचं नाव होतं. पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं, उद्या ड्यूटी आहे हो, जमणार नाही. ही त्यांची तिसरी वेळ. आत्याने नियमाप्रमाणे मेसेज पाठवला, की आपलं नाव यादीत शेवटी टाकण्यात आलं आहे, आणि काकांना फोन लावला. काका म्हणाले, "हजर!"

सोमवारी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. भांडायचा आवाज नव्हता. आत्याला भांडणाऱ्या माणसांची सवय होती, त्यांना ती एका वाक्यात गार करायची. ही बाई नुसतं विचारत होती.

"आत्या, मला फक्त समजून घ्यायचंय. मी नाव दिलं त्याला वर्ष होत आलं. नोंदणी एक तारखेला सकाळी दहाला उघडते. तेव्हा मी वॉर्डात असते, तिथे फोन जवळ ठेवता येत नाही. बाहेर येऊन बघते तोवर जागा भरलेल्या असतात."

"पाच मिनिटांत भरतात," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो तिलाच ऐकू आला.

"म्हणून मी वेटिंगवर. आणि तुमचा फोन येतो तो आदल्या दिवशी. माझा ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लागतो. पंधरा दिवस आधी सांगितलंत तर मी कुणाशीही बदलून घेईन. एक दिवस आधी कोण बदलून देणार? मी नाही म्हणते कारण मला नाही म्हणावंच लागतं. आणि तुम्ही मला शेवटी टाकलंत."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, सिस्टर."

"हो, तेच तर. कालची जागा कुणाला मिळाली, विचारू का? लिस्टमधल्या दुसऱ्या कुणाला?"

खोटं बोलणं आत्याला कधी जमलं नाही. "एक काका आहेत. जवळच राहतात."

"त्यांचा नंबर माझ्या आधी होता?"

"त्यांचं हे सहावं स्टूल," आत्या म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

पलीकडे सिस्टर हसल्या. रागाने हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "असू दे. माझी बदली झाली आहे, पुढच्या महिन्याच्या अखेरीला जायचं आहे, लांब. तिथे असं काही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर धावले, घरी आणि दवाखान्यातही. म्हटलं, जाण्याआधी एक अख्खा दिवस असावा, ज्यात एका टेबलावर माझं नाव आहे आणि मी फक्त माझं काहीतरी करते आहे. तुम्हाला त्रास दिला. नाव काढून टाका माझं."

आत्या फोन ठेवून बसून राहिली. चहा निवला. शरमेने तिचे कान तापले होते, हे तिने नंतर भावालाही सांगितलं. एवढ्या वर्षांत न येणाऱ्यांची इतकी कारणं ऐकली, की सगळी कारणं तिला मावशीसारखीच वाटायला लागली होती. तिची लिस्ट अगदी सरळ होती, कुणाचं नाव मागेपुढे होत नव्हतं, आणि तरीही जागा फिरून फिरून त्याच माणसाला मिळत होती ज्याला दुसरं काहीच काम नव्हतं. ज्यांना घरी म्हातारं माणूस, ज्यांना ड्यूटीचा तक्ता, ज्यांना लेकरं, ती सगळी माणसं प्रामाणिकपणे नाही म्हणत तळाला चालली होती. आणि ही व्यवस्था कुणी केली? तिनेच, चष्मा पुसून, शिस्तीत.

भाऊ एका फळीला पॉलिश पेपर घासत होता. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पुढच्या महिन्यापासून सहाच्या सहा जागा नोंदणीला टाकायच्या नाहीत. चार टाकायच्या. दोन वेटिंग लिस्टमधून, तीन आठवडे आधी फोन करून द्यायच्या."

"ताई, लोक ओरडतील."

"ओरडू देत. ओरडणाऱ्यांना मी बघून घेते. आणि नाव घेतानाच विचारायचं, तुम्हाला किती दिवस आधी कळलं तर येता येईल? आदल्या दिवशी येऊ शकणारे वेगळे, आधी सांगायला हवं असणारे वेगळे. शनिवारच्या फोनला नाही म्हटलं म्हणून कुणाला खाली टाकायचं नाही. तीन आठवडे आधी सांगूनही नाही म्हटलं, तर मग टाका."

"आणि काका?"

"ज्यांनी एकदा स्टूल केलंय ते सगळ्या नव्या माणसांच्या मागे."

भावाने पेपर खाली ठेवला. "हे काकांना तू सांग. मी नाही."

काकांना सांगणं हे खरंच जिवावर आलं. आत्या त्यांच्या घरी गेली आणि दाराबाहेरच्या स्टूलवरच बसली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा गोल चेहरा हळूहळू लांब झाला.

"म्हणजे मला बोलावणार नाही."

"नाही कसं? कुणीच नसलं तर..."

"कुणीच नसलं असं होणार नाही आता," काका म्हणाले. "तुम्ही फोन चांगला करता." मग बराच वेळ कुंडीतली वाळलेली पानं खुडत राहिले. "आत्या, खरं सांगू? मला स्टूल नको असतं हो. तुमचा फोन येतो ना, उद्या या म्हणून, त्याची मी आठवडाभर वाट बघत असतो."

आत्या म्हणाली, "मग रविवारी सकाळी दारात येऊन बसत जा. सव्वानऊपर्यंत कुणी न कळवता गैरहजर राहिलं आणि वेळेवर दुसरं कुणी मिळालं नाही, तर टेबल तुमचं. नाही तर चहा तरी मिळेल." काकांचा चेहरा निम्मा परत गोल झाला.

त्याच संध्याकाळी तिने सिस्टरांना फोन केला. "तुमचं नाव मी काढलेलं नाही. पहिल्या जागी परत ठेवलंय, जिथे होतं तिथे. पुढच्या महिन्यातला शेवटचा रविवार. आज सांगते आहे, म्हणजे भरपूर दिवस आधी. जमवा."

"म्हणजे टेबलावर माझं नाव असणार?" सिस्टरांनी विचारलं.

"हो, सहाव्या टेबलावर, खिडकीजवळच्या."

"जमवते," त्या म्हणाल्या. "कसंही करून जमवते."

तो महिना आत्याने डोळ्यांत तेल घालून काढला. नोंदणीत फक्त चार जागा दिसल्यावर ओरडा झाला, तो तिने एकेकाला समजावत झेलला. सोमवारच्या फोनला सिस्टर म्हणाल्या, ड्यूटी बदलून घेतली आहे, एक मैत्रीण येतेय माझ्या जागी, नक्की. शुक्रवारी एक गळाला, त्याची जागा एका शिंपीणबाईंनी घेतली. शनिवारी कुणीच गळालं नाही. आत्याला चैन पडेना. तिने दोनदा फोन बंद करून चालू केला, बिघडला असेल म्हणून.

रविवारी सकाळी भावाने सहा टेबलांवर सामान मांडलं. बसायची फळी, पायांची चार लाकडं, रंधा, पटाशी, गुण्या, पेन्सिल. प्रत्येक टेबलावर आत्याने नावाची चिठ्ठी चिकटवली. काका इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या खुर्चीत बसले होते. पावणेनऊला आत्याचा फोन वाजला. सिस्टरांचा नंबर पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्या, मैत्रीण आली नाही. तिच्या मुलाला ताप आहे, पहाटे कळलं, म्हणून मलाच यावं लागलं. दुसरी कुणी येईपर्यंत मला वॉर्ड सोडता येत नाही. शोधताहेत. किती वाजतील सांगता येत नाही." त्या भरभर बोलत होत्या, मागे कुणाची तरी घंटा वाजत होती. "तुमच्याकडे चाळीस माणसं थांबली आहेत, मला माहीत आहे. जागा रिकामी ठेवू नका. दुसऱ्याला द्या. माझं राहू दे."

"तुम्ही आधी माणूस शोधा," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

नऊ वाजले. पाच टेबलं भरली. भावाने पाचांना पायाची लांबी मोजायला शिकवायला सुरुवात केली. सव्वानऊला त्याने आत्याकडे पाहिलं, मग सहाव्या टेबलाकडे, मग दारातल्या काकांकडे.

"ताई, दे ना काकांना. नियम तूच केलायस."

"न कळवता आलं नाही तर, असा नियम आहे. तिने कळवलंय."

"कळवलंय की येणार नाही म्हणून!"

"माहीत नाही म्हणून कळवलंय." आत्याचा आवाज चढला तशी शिंपीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवून मान वळवली. तेवढ्यात लिस्टमधल्या एका माणसाचा फोन आला. अर्ध्या तासात पोहोचतो, जागा आहे का? आत्याने खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलाकडे बघत सांगितलं, "नाही. भरलेली आहे." पुढच्या महिन्यात त्या माणसाला पहिला फोन करायचा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

भाऊ जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "बरं, ठेव रिकामं. पण ती अकराला आली, बाराला आली, तर करणार काय? सुरुवातीचं सगळं हुकलेलं असणार. मी पाच जणांना सोडून तिला पहिल्यापासून शिकवू शकत नाही. उगाच येऊन उभी राहील आणि रडकुंडीला येईल."

आत्याला खरंच रडू येईल असं वाटलं. एवढं करून, एवढ्या लोकांचा ओरडा खाऊन, त्या बाईला पुन्हा तळाशीच टाकल्यासारखं होणार होतं.

दारातली खुर्ची करकरली. काका उठले. शर्टाच्या बाह्या दुमडत ते सहाव्या टेबलापाशी गेले आणि उभे राहिले. हात मात्र त्यांनी पाठीमागे बांधले होते.

"तुम्ही शिकवा," ते भावाला म्हणाले. "मी इथून बघतो. त्या आल्या की हुकलेलं सगळं मी सांगेन त्यांना. मला पाठ आहे."

"आणि लाकूड?"

"लाकडाला हात लावणार नाही. लाकूड त्यांचं आहे."

नऊ वीसपासून काका तिथे उभे होते. भाऊ दाखवायचा, पाच जण करायचे, आणि काका हात बांधून पाहायचे. एकदा शेजारच्या माणसाने रंधा उलटा धरला तेव्हा काकांची बोटं पाठीमागे वळवळली, पण सुटली नाहीत. चहा आला तेव्हा त्यांनी एका हाताने कप घेतला आणि दुसरा पाठीमागेच ठेवला. आत्याने हे सारं आपल्या टेबलावरून पाहिलं. या माणसाला आपण आजवर नुसतं शनिवारची सोय म्हणून वापरलं, असं तिला वाटलं.

बारा वाजायला थोडा वेळ होता तेव्हा सिस्टर आल्या. धावत आल्या होत्या. केसांना अजून पिना तशाच, पायात वॉर्डातले पांढरे बूट. दारात थबकून त्यांनी सगळीकडे पाहिलं. पाच टेबलांवर पाय कापून तयार होते आणि सहाव्यापाशी एक गोल गृहस्थ उभे.

"दिलीत ना? बरं झालं," त्या आत्याला म्हणाल्या, दम खात. "मी नुसती बघायला आले. बघते थोडा वेळ आणि जाते."

"अहो, या इकडे," काका म्हणाले. "केव्हाची वाट बघतोय. ही तुमची फळी, हे तुमचे पाय. कशालाही हात लावलेला नाही, या पाचांना विचारा."

सिस्टर जवळ गेल्या. चिठ्ठीवरचं आपलं नाव वाचलं. "तुम्ही कोण?"

काका जरासे लाजले. "तुमची जागा आजवर ज्याला मिळत होती ना, तो मी."

वर्कशॉपमध्ये कुणी रंधा चालवत नव्हतं. सिस्टरांनी काकांकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि एकदम मोठ्याने हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मग आता शिकवा," त्या म्हणाल्या.

काकांनी शिकवलं. स्वतः एकही घाव घातला नाही, नुसतं तोंड चालवलं, आणि तोंड त्यांचं चांगलंच चालायचं. सिस्टरांचा हात आधी अडखळला, मग बसला. जेवायच्या सुट्टीत त्या उठल्या नाहीत. पाच वाजता बाकीचे पाच जण स्टूल बगलेत मारून गेले, तेव्हा सिस्टरांचा तिसरा पाय फळीच्या भोकात बसत होता. पाचनंतर एक मिनिटही वर्कशॉप उघडं न ठेवणारा भाऊ मुकाट्याने दिवे लावून आला आणि एका कोपऱ्यात झाडायला लागला. आधीच झाडलेला कोपरा त्याने पुन्हा झाडला.

चौथा पाय बसला. सिस्टरांनी वरून पाचर ठोकली, पाचरेचं उरलेलं टोक करवतीने कापलं, कडा घासल्या. स्टूल जमिनीवर ठेवलं तर किंचित डुगडुगलं. भावाने एका पायाखाली खूण करून दिली, सिस्टरांनी तेवढं तासलं, पुन्हा ठेवलं. हललं नाही.

"बसा," काका म्हणाले.

त्या बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून, खिडकीकडे तोंड करून. तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी काढून पाहिला. "वॉर्डातून आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी आलेलीला कपाटाची किल्ली सापडत नसणार. तिच्यासमोरच्याच खिळ्याला आहे."

फोन वाजत राहिला. भाऊ, काका आणि आत्या, तिघंही त्यांच्याकडे बघत होते.

सिस्टरांनी फोन पालथा घालून मांडीवर ठेवला. "सापडेल तिला," त्या म्हणाल्या. "मी आत्ता बसले आहे."

वाजणारा फोन आत्याने जन्मभरात कधी न उचलता राहू दिला नव्हता. हा मात्र पूर्ण वाजून थांबेपर्यंत तिने ऐकला, आणि तिला फार बरं वाटलं. सिस्टर आणखी थोडा वेळ बसून राहिल्या, आणि त्यांना उठा म्हणायची कुणालाच घाई नव्हती.